अडालजच्या वावेत सुरू झालेले बोलणे पुढे चालू ठेवण्याविषयी

सातारा,
१२ फेब्रुवारी

मृणालताई,

सादर नमस्कार.

गुजरातमधील पायऱ्यांच्या विहिरींच्या, म्हणजे वावांच्या, अभ्यास सहलीहून परतल्यावर आपण पाठवलेली छायाचित्रे मिळाली, त्याबद्दल प्रथम आभार मानतो. पाटणच्या राणीच्या वावेतील शिल्पांची छायाचित्रे तर कुणीही काढतो. परंतु आपण खांब आणि तुळई यांच्या सांध्याची, तीही मोजपट्टी शेजारी ठेवून, जी छायाचित्रे काढली आहेत, ती माझ्यासारख्या पाटबंधारे खात्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला अधिक मोलाची वाटली.

सहलीत ओळखी होतात, क्रमांक दिले-घेतले जातात आणि पुढे दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे काही सरकत नाही, हे नेहमीचेच आहे. आपल्या बाबतीत तसे होऊ नये असे मला वाटते. अडालजला, मधल्या मजल्यावरच्या कठड्याला अडकलेला उत्तरायणातील पतंगांचा मांजा सोडवता सोडवता, आपण मला जो प्रश्न विचारला होता, तो मी साताऱ्यापर्यंत घेऊन आलो आहे आणि त्याचे समाधानकारक उत्तर मला अजून देता आलेले नाही. आमच्या लिंब गावच्या बारा मोटांच्या विहिरीचे वर्णन मी करत होतो. या विहिरीच्या पोटात महाल आहे हे ऐकून आपण विचारले होते की, वर मोटा चालू असताना, नाड्यांची करकर आणि थारोळ्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज होत असताना, त्या महालात कोणी निवांत बसत असेल का?

परत आल्यावर मी मुद्दाम लिंबला जाऊन आलो. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४, या काळात वीरूबाई भोसले यांनी ही विहीर बांधली. नाव बारा मोटांचे असले तरी मोटा लावण्याच्या जागा पंधरा आहेत. अष्टकोनी मुख्य विहीर, तिला जोडलेली आयताकृती विहीर आणि दोहोंच्या मधल्या पुलासारख्या भागात तो छोटेखानी महाल, अशी रचना आहे. महालाच्या छतावरच्या मोकळ्या जागेत उभे राहिले की चारही बाजूंच्या मोटांच्या जागा एका नजरेत येतात. त्यामुळे माझा कल असा होतो आहे की ही जागा विसाव्याइतकीच देखरेखीचीही असावी. अर्थात हा निवृत्त अभियंत्याचा तर्क आहे. आपल्याला प्रत्येक दगडात कालवा दिसतो, असे आपण मला हसून म्हणाला होतात, ते मी विसरलेलो नाही. आपण वास्तुविशारद आहात आणि माणसे एखादी जागा कशी वापरतात याचा विचार आधी करता, म्हणून या प्रश्नाचा निकाल आपण स्वतः ती जागा पाहून लावावा, हे उत्तम.

आपल्यात जो मतभेद झाला होता, त्यातही मला थोडी भर घालायची आहे. वावेतील मजल्यांमागून मजले हे मुख्यतः उतरणाऱ्या माणसांच्या विसाव्यासाठी आणि शोभेसाठी होते, असे आपले म्हणणे होते. सावली आणि गारवा यांचे महत्त्व मी नाकारत नाही. परंतु अहमदाबाद-पाटण भागात गाळाची, वाळूमिश्रित जमीन आहे, पाणी खोल आहे, आणि इतका लांब व खोल चर खणला की दोन्ही बाजूंच्या मातीचा दाब भिंतींवर येतो. आडव्या तुळया आणि खांबांच्या चौकटी त्या भिंती एकमेकींपासून तोलून धरतात. आमच्याकडे काळ्या पाषाणात खणलेली विहीर बरीचशी स्वतःच्या बळावर उभी राहते, वरचा मातीचा आणि मुरमाचा थर तेवढा बांधून काढावा लागतो. म्हणूनच आमच्या बारवा आकाशाला उघड्या राहिल्या असाव्यात. याला आपला आक्षेप असेल तर तो सविस्तर लिहून कळवावा. मला तो वाचायला आवडेल.

आता मुख्य विनंती. आपण गुजरातमधील पादऱ्याजवळच्या वावेविषयी सांगितले होते, आणि माझ्या गावाबाहेरही एक साधी, शिलालेख नसलेली, पुस्तकात कुठेही न आलेली पायविहीर आहे. या दोन ठिकाणांच्या पाण्याची पातळी आपण दोघांनी वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या अखेरीस म्हणजे मृगाच्या आधी, आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरच्या अखेरीस, मोजावी आणि एकमेकांना कळवावी, असे मी सुचवतो. आपल्या दोन आकड्यांतून कोणताही मोठा सिद्धान्त निघणार नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु काळा पाषाण आणि गाळाची जमीन एकाच पावसाळ्याला कसा वेगवेगळा प्रतिसाद देतात, हे आपल्या नजरेसमोर वर्षानुवर्षे राहील, आणि आपल्याला एकमेकांना लिहायला दरवर्षी निदान दोन ठोस निमित्ते मिळतील.

पद्धत सोपी आहे. पोलादी मोजपट्टीच्या टोकाला छोटे वजन बांधावे, शेवटच्या हातभर भागावर फळ्यावरचा खडू घासावा आणि पट्टी पाण्यात थोडी बुडेल इतकी सोडावी. वर काढल्यावर खडू जिथपर्यंत भिजून काळपट झाला असेल, तेथील आकडा काठाशी धरलेल्या आकड्यातून वजा करावा. मोजणी नेहमी काठावरच्या एकाच ठरावीक जागेवरून करायची. मी माझ्या विहिरीच्या धावेजवळ, थारोळ्याच्या डाव्या कोपऱ्यातला दगड निवडला आहे. जुन्या दगडावर रंगाची खूण करू नये. त्या जागेचे छायाचित्र काढून ठेवले तरी भागते. मोजणीच्या आदल्या दिवशी कुणी पंप लावला असेल तर तशी नोंद मात्र अवश्य करावी, नाहीतर आकडा फसवा ठरतो.

याच्या बदल्यात आपल्याकडून एक गोष्ट हवी आहे. आपण वहीत काढलेला अडालजचा उभा छेद, ज्यात तीन बाजूंनी उतरणारे जिने पहिल्या मजल्यावर एकत्र येतात तो भाग होता, त्याची प्रत पाठवता आली तर पाठवावी. त्याच प्रमाणात लिंबच्या विहिरीचा छेद काढून दोन्ही शेजारी ठेवावेत असा विचार आहे. माझी मापे तयार आहेत. हात मात्र आपल्याइतका सफाईदार नाही.

आपल्या आईंचे माहेर वाईचे असल्याचे आपण म्हणाला होतात. त्यांना घेऊन येणार असाल तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात यावे. तोपर्यंत ऊन फार चढलेले नसते आणि पाणी निवळलेले असते, त्यामुळे आतले बांधकाम खोलवर दिसते. लिंब साताऱ्याहून पुण्याच्या रस्त्याला, महामार्गापासून थोडेसेच आत आहे, आणि तिथून वाईही दूर नाही. मुक्काम आमच्याकडेच करावा. सौभाग्यवतींनी हे पत्रात लिहिले आहे ना, असे मला दोनदा विचारले आहे. आईंना पायऱ्या उतरणे अवघड जाणार असेल तर वरच्या काठावरून पाहण्यासारखेही पुष्कळ आहे, आणि तिथे सावलीला झाडे आहेत.

येण्याचे जमणार नसेल तरी मे महिन्यातला आकडा कळवण्याचे मात्र नक्की करावे. आईंना नमस्कार सांगावा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
माधव