पहिला चष्मा लागलाय? काच आणि फ्रेम ठरवण्याआधी एवढं वाचा

जून उजाडला, शाळा-कॉलेजं सुरू झाली, की आमच्या साताऱ्याच्या दुकानात ‘पहिल्यांदाच नंबर लागलाय’ म्हणणाऱ्यांची गर्दी होते. काउंटरवर घाईत नीट बोलणं होत नाही. म्हणून या आठवड्यात रोज थोडं थोडं इथे लिहितोय. वाचून या, म्हणजे निम्मे प्रश्न घरीच सुटलेले असतील.

सोमवार : हातातलं कार्ड

डॉक्टरांनी दिलेल्या कार्डावर उजव्या आणि डाव्या डोळ्याची वेगळी ओळ असते. ‘एसपीएच’खाली मायनस असेल तर लांबचं धूसर दिसतं. मायनस २ म्हणजे साधारण अर्ध्या मीटरपर्यंतचं बिनचष्म्याचं स्वच्छ, त्यापुढे अंधुक. फळ्यावरचं दिसत नाही पण मोबाइल उत्तम दिसतो, ही तक्रार याच नंबरची. प्लस नंबरात डोळ्याला जवळचं बघायला जास्त कष्ट पडतात.

‘सिल’ म्हणजे सिलिंड्रिकल नंबर. बुबुळाची गोलाई सगळीकडे सारखी नसली की तो येतो, आणि त्याच्यासोबत ‘ॲक्सिस’ लिहिलेला असतो, १ ते १८० मधला एक आकडा. सिल असेल आणि ॲक्सिस लिहायचा राहिला असेल, तर कार्ड घेऊन परत डॉक्टरांकडे जा. आम्ही अंदाजाने काच बसवत नाही.

एक गोष्ट मधुमेह असणाऱ्यांसाठी. साखर वरखाली होत असेल तर नंबरही हलतो. साखर आटोक्यात आल्यावर पुन्हा तपासून मगच चष्मा करा. आमचा धंदा दोन महिने पुढे गेला तरी चालेल.

मंगळवार : ‘पातळ काच’ खरंच हवी का?

आपण काच म्हणतो, पण आता बहुतेक काचा प्लॅस्टिकच्याच असतात. खरी काच जवळपास दुप्पट जड, आणि फुटली तर डोळ्याला धोका. आम्ही ती स्वतःहून सुचवत नाही.

साधी प्लॅस्टिक काच सीआर-३९ नावाने ओळखतात. तिचा इंडेक्स, म्हणजे प्रकाश वळवण्याच्या ताकदीचा आकडा, १.५० च्या आसपास. त्यावर १.५६, १.६०, १.६७ आणि १.७४ अशी चढती भाजणी. इंडेक्स वाढला की तोच नंबर कमी जाडीत बसतो, आणि किंमतही त्याच चालीने वाढते.

आता आमचं स्पष्ट मत. नंबर दोनच्या आत असेल तर १.६७ चा आग्रह धरू नका. फरक मायक्रोमीटर लावल्याशिवाय कळणार नाही. तीन-चारच्या पुढे १.६० चा उपयोग दिसायला लागतो, सहाच्या पुढे १.६७. शिवाय जाडी फक्त इंडेक्सवर ठरत नाही. मायनसची काच कडेला जाड होते, म्हणून मोठी चौकोनी फ्रेम निवडली की जाड कड बाहेर डोकावणारच. तोच नंबर छोट्या, गोलसर फ्रेममध्ये घातला तर कमी पैशांत पातळ दिसतो. प्लसच्या काचेचं उलटं, ती मधे फुगते. तिथेही छोटी फ्रेमच कामाला येते.

पॉलिकार्बोनेटची गोष्ट वेगळी. ती हलकी असते आणि सहज फुटत नाही, म्हणून लहान मुलांना, क्रिकेट-कबड्डी खेळणाऱ्यांना आणि वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांना आम्ही तीच देतो. अतिनील किरणंही ती मुळातच अडवते. पण ओरखडे लवकर पडतात, त्यामुळे हार्डकोट हवाच. मोठ्या नंबरात कडेने बघितलं तर अक्षरांना हलकी रंगीत किनार दिसू शकते. हा त्या मालाचा गुण आहे, काच खराब निघाली असं समजू नका.

बुधवार : कोटिंग

कोटिंगपैकी एकच घ्यायचं असेल तर एआरसी घ्या, म्हणजे चकाकी कमी करणारं. साध्या काचेच्या दोन्ही पृष्ठभागांवरून मिळून सुमारे ८ टक्के प्रकाश परत फिरतो. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांची भुतं दिसतात ती त्यामुळेच. एआरसीने ती बरीच कमी होतात, आणि फोटोत काचेवर ट्यूबलाइटऐवजी तुमचे डोळे दिसतात. काच तिरकी धरल्यावर हिरवट किंवा निळसर झाक दिसते, ती एआरसीचीच.

‘ब्लू कट’बद्दल रोज विचारणा होते. तो आम्हीही विकतो, म्हणून सरळ सांगतो. स्क्रीनने डोळे दुखतात ते मुख्यतः एकटक बघण्याने आणि पापणी कमी लवण्याने. २०२३ मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने याविषयीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा साध्या काचेच्या तुलनेत ब्लू कटने डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही दिसलं नाही. आवड म्हणून घ्यायचा तर घ्या, फक्त त्यात किंचित पिवळेपणा असतो. नाहीतर दर वीस मिनिटांनी खिडकीबाहेर बघा, त्याला पैसे पडत नाहीत.

उन्हात काळी होणारी फोटोक्रोमॅटिक काच दिवसभर बाहेर फिरणाऱ्यांना चांगली. चारचाकी चालवणाऱ्यांनी मात्र तिच्यावर भिस्त ठेवू नये. गाडीची पुढची काच अतिनील किरणं अडवते, मग ही काळी होणार कशाने? आणि ऐन मे महिन्याच्या उकाड्यात ती थंडीतल्याइतकी गडद होत नाही.

गुरुवार : चाळिशी

लांबचं अजून छान दिसतंय, पण पेपर हातभर लांब धरावा लागतोय, तर चाळिशी आली. कार्डावर ‘ॲड’ असं लिहून येतं. सुरुवात बहुधा प्लस १ च्या आसपास होते, पुढे वयाबरोबर वाढते.

फक्त वाचायला लागत असेल आणि लांबचा नंबर नसेल, तर साधा सिंगल व्हिजन चष्मा पुरे. मेडिकलमध्ये किंवा फुटपाथवर मिळणाऱ्या तयार चष्म्यात दोन्ही डोळ्यांचा नंबर एकच असतो, सिल नसतो. अडीनडीला चालेल, पण तासन्‌तास हिशेब लिहिणाऱ्याने तो वापरू नये.

लांबचा आणि जवळचा दोन्ही नंबर असतील तर बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह. बायफोकलमध्ये खाली वाचायची खिडकी दिसते, गोल असेल तर क्रिप्टॉक, वरून सपाट असेल तर डी. प्रोग्रेसिव्हमध्ये रेघ नसते, वरून खाली नंबर हळूहळू बदलतो, मधे कॉम्प्युटरचं अंतरही मिळतं. पण दोन्ही कडांना थोडं विरूप दिसतंच, कितीही महाग घेतली तरी. बाजूला बघायचं तर डोळ्यांऐवजी मान वळवायची सवय लावावी लागते. आणि जिना उतरताना हनुवटी खाली घ्या. काचेच्या वाचायच्या भागातून पायरी बघितली तर पाऊल चुकतं.

शुक्रवार : फ्रेम नीट बसली का?

लोक काचेवर अर्धा तास विचार करतात आणि फ्रेम आरशात एकदा बघून ठरवतात. आमच्याकडे ‘नंबर चुकलाय’ म्हणून जे परत येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा नंबर बरोबर असतो, फ्रेम घसरलेली असते. म्हणून आज जरा लांबण लावतो.

काडीच्या आतल्या बाजूला बघा. ५२, मग छोटा चौकोन, मग १८, पुढे १४०, असं काहीसं छापलेलं असतं. ५२ मिमी एका काचेची रुंदी, १८ दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, १४० काडीची लांबी. आधीची एखादी फ्रेम तुम्हाला छान बसत असेल तर हे आकडे मोबाइलमध्ये टिपून ठेवा.

फ्रेम घातल्यावर सगळ्यात आधी नाक बघायचं, कारण वजन तिथे पडतं. नोजपॅड पूर्ण टेकले पाहिजेत. नुसती कड टोचत असेल तर संध्याकाळपर्यंत लाल वळ उठतो. शेल, म्हणजे प्लॅस्टिकच्या फ्रेमला नोजपॅड हलवता येत नाहीत, म्हणून बसक्या नाकाच्या माणसाला शेल फ्रेम सतत घसरते. त्याने धातूची, हलणाऱ्या पॅडची घ्यावी. धातूच्या फ्रेमला घामाने पॅडभोवती हिरवं साचतं, ते पुसत राहावं लागतं आणि पॅड अधूनमधून बदलावे लागतात.

मग कानशिलं. काड्या तिथे दाबत असतील तर फ्रेम अरुंद आहे, दुपारी डोकं दुखणार. काडीचा बाक नेमका कानाच्या वर सुरू व्हावा. पुढे सुरू झाला तर कान दुखतो, मागे सुरू झाला तर खाली वाकलं की चष्मा पडतो. दुचाकीवाल्यांनी हेल्मेट घेऊनच या. जाड, वाकड्या काडीची सुंदर फ्रेम हेल्मेटमध्ये शिरताना रडवते.

आता हसून बघा. गाल लागून फ्रेम वर उचलली जात असेल तर ती मोठी आहे किंवा खालून फार आत झुकलीये. पापण्या काचेला लागत असतील तर पॅड जवळ आणून फ्रेम थोडी पुढे घ्यावी लागेल. आरशात फ्रेम तिरकी दिसली तर घाबरू नका. कितीतरी जणांचे दोन कान एका उंचीवर नसतात. शेल फ्रेमची काडी आम्ही हीटरवर गरम करून कोन बदलतो. घरी गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात हा प्रयोग करू नका.

शेवटी पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. मोठ्या माणसांत ते साधारण ५५ ते ७० मिमीच्या दरम्यान असतं. काचेचं केंद्र बाहुलीसमोर आलं नाही तर काच प्रिझमसारखी वागते आणि डोळे ओढल्यासारखे होतात. नंबर जितका मोठा, तितका त्रास जास्त. प्रोग्रेसिव्हसाठी प्रत्येक डोळ्याचं माप वेगळं घ्यावं लागतं, शिवाय उंचीची खूण निवडलेली फ्रेम तुमच्या चेहऱ्यावर असतानाच करावी लागते. घरच्या कुणाला पाठवून ‘ह्यांची प्रोग्रेसिव्ह बनवा’ म्हटलं तर आम्ही नाही म्हणतो, ते याच कारणाने.

लहान मुलांची फ्रेम ‘वाढत्या अंगाची’ घेऊ नका. शाळेचा शर्ट मोठा चालतो. चष्मा घसरला की मूल काचेच्या वरून बघतं, आणि मग नंबर असून नसल्यासारखा.

शनिवार : पहिले काही दिवस

नवीन चष्म्याने, विशेषतः सिल असेल तर, फरशी तिरकी किंवा जमीन खोल वाटू शकते. बहुतेकांचं आठवड्या-दोन आठवड्यांत सरळ होतं. तोवर काढ-घाल करू नका, सलग वापरा. दोन आठवड्यांनंतरही त्रास असेल तर चष्मा आणि कार्ड दोन्ही घेऊन या. काच मशीनवर ठेवून नंबर, ॲक्सिस आणि पीडी तुमच्यासमोर तपासून दाखवू. आमच्याकडून चूक असेल तर काच बदलून मिळेल. मात्र अचानक डोळ्यासमोर विजा चमकायला लागल्या, काळे ठिपके वाढले किंवा पडदा आल्यासारखं झालं, तर आमच्याकडे न येता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा.

काच कोरडी असताना शर्टाने पुसू नका, धूळच ओरखडे पाडते. आधी साध्या पाण्याखाली धरा, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने फिरवा, धुवा, मऊ कापडाने टिपा. गरम पाणी नको. उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवला तर कोटिंगला बारीक तडे जातात, ते कुणालाच दुरुस्त करता येत नाहीत.

स्क्रू आवळणं, पॅड बदलणं, काडी बसवणं याचे आम्ही पैसे घेत नाही, चष्मा दुसरीकडून घेतलेला असला तरी. मंगळवारी दुकान बंद. बाकीच्या दिवशी सकाळी दहा ते रात्री साडेआठ. प्रोग्रेसिव्हचं माप द्यायचं असेल तर दुपारी या, संध्याकाळच्या गर्दीत ते घाईने घ्यावं लागतं.