रोपं किती लावली? आधी सांगा, कुठे लावली!

खारफुटीच्या रोपांचं जगणं
वनस्पतिशास्त्र पदव्युत्तर वर्ग, सोलापूर

भरतीचं पाणी किती वेळ तुंबून राहतं, यावर रोपाचं जगणं ठरतं.

मिठाने मरत नाही का?
कालव्याकाठच्या क्षारपड रानात ऊस पिवळा पडतो, हे आपण सोलापूरकर जाणतो. त्यामुळे पहिला संशय मिठावर जातो. पण तिवर पानांतल्या ग्रंथींमधून मीठ बाहेर टाकतो आणि कांदळ बरंचसं मीठ मुळाशीच अडवतो. क्षार फार वाढले तर यांनाही त्रास होतो, पण लागवड फसली की आधी जागेची उंची तपासावी.

चित्र 1 : एकच किनारा, दोन जागा (हे आधी पाहा)
*खाली, उघड्या चिखलात :* रोप तासन्‌तास पाण्याखाली. चिखलात वरच्या पातळ थराखाली प्राणवायू जवळजवळ नसतो आणि कोवळ्या तिवराला अजून श्वसनमुळं फुटलेली नसतात. लाटा मूळ सैल करतात, खोडावर चिकटलेल्या शिंपल्यांच्या ओझ्याने रोप वाकतं.
*वर, समुद्राच्या सरासरी पातळीपेक्षा उंच :* भरती येते आणि ओसरते. मूळ धरायला उसंत मिळते.

खालची जागा मोकळी दिसते, म्हणूनच लागवडीला तीच निवडली जाते. ती मोकळी का राहिली, हा प्रश्न आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

चित्र 2 : झाडावरच रुजलेलं बी
कांदळाचं बी फळातच रुजतं आणि शेवग्याच्या शेंगेसारखं लांब, हिरवं लोंबतं. गळल्यावर चिखलात रुततं किंवा भरतीबरोबर तरंगत जातं. पाण्याची वाट मोकळी असेल तर योग्य जागी ते आपणहून पोचतं. बांध घालून भरती अडवली असेल, तर रोपं लावण्याआधी ती वाट उघडावी.

इतर शत्रू : खेकडे, गुरं, शेवाळ, रोपाला गुंडाळणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या.

मोजणी अशी करा

जगण्याचं प्रमाण (%) = (जिवंत रोपं ÷ सुरुवातीला लावलेली रोपं) × 100

समजा 200 लावली, त्यातली 60 जगली : 30%. मेलेल्यांच्या जागी 100 नवी लावून 160 जिवंत मोजली, तर 80% दिसेल. तो आकडा फसवा आहे. प्रत्येक रोपाला क्रमांकाची पट्टी बांधा, वाहून गेलेलं रोप मेलेलं धरा आणि नव्या रोपांची नोंद वेगळी ठेवा.

आपल्या राज्यात : खारफुटीसाठी वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष 2012 पासून आहे. 2020 मध्ये पांढरी चिप्पी राज्य कांदळवन वृक्ष ठरली.

तुम्ही सांगा : खाडीच्या तोंडाशी मोकळा चिखल आहे, आत, जुन्या तिवरांच्या रांगेमागे, बांध फुटलेलं मिठागर आहे. रोपं कुठे लावाल? की लावणारच नाही? उत्तर कारणासह चिठ्ठीवर लिहून खाली चिकटवा.