विषय: सध्याच्या व्यवस्थापकांच्या संदर्भाबाबत – वरिष्ठ गुणवत्ता अभियंता, रांजणगाव प्रकल्प

सन्माननीय वैशाली मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मंगळवारी फोनवर आपण माझ्या सध्याच्या व्यवस्थापकांचे नाव, मोबाईल क्रमांक आणि ऑफिसचा ई-मेल मागितला होता. त्या वेळी मी शॉप फ्लोअरवर असल्याने घाईत उत्तर देणे टाळले. ही जागा मला मनापासून हवी आहे आणि माझ्या कामाची चौकशी करण्याचा आपला अधिकार मला पूर्ण मान्य आहे. मात्र सही झालेले ऑफर लेटर हाती येण्यापूर्वी सध्याच्या व्यवस्थापकांचा संपर्क मी देऊ शकणार नाही.

मी नोकरी बदलण्याच्या विचारात आहे, हे त्यांना अजून माहीत नाही. पुढच्या महिन्यात आमच्या चाकणच्या कारखान्यात आयएटीएफ १६९४९ चे ऑडिट आहे आणि त्याची बरीचशी तयारी, पुरवठादारांच्या पीपीएपी फायलींसह, माझ्याकडे आहे. अशा वेळी बाहेरून फोन आला, तर ते काम माझ्याकडून काढून घेतले जाईल, आणि काही कारणाने आपली ऑफर पुढे गेली नाही, तर मला तिथेच, विश्वास गमावून, काम करत राहावे लागेल. ही भीती कल्पनेतली नाही. २०१४ मध्ये, माझ्या पहिल्या नोकरीत असताना, मी असाच विचारल्याबरोबर साहेबांचा नंबर दिला होता. त्यांना त्याच दुपारी फोन गेला, पंधरा दिवसांनी ती नवी जागाच रद्द झाली, आणि त्या वर्षीची माझी पगारवाढ अडली ती अडलीच. शिवाय चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्यात गुणवत्ता विभागातली माणसे एकमेकांना चांगली ओळखतात. सकाळी एका गेटवर झालेले बोलणे संध्याकाळच्या बसमध्ये पोहोचलेले असते. म्हणूनच ओळखीतून अनौपचारिक विचारपूसही सध्या होऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली पडताळणी अडू नये म्हणून दोन संदर्भ देत आहे. पहिले माझे तळेगावच्या कंपनीतले गुणवत्ता प्रमुख. २०१५ ते २०२० अशी पाच वर्षे मी थेट त्यांच्या हाताखाली काम केले आणि ग्राहकांच्या तक्रारी हाताळायला त्यांच्याकडूनच शिकले. दुसरे गृहस्थ माझ्या सध्याच्याच कंपनीत गेल्या वर्षीपर्यंत माझे वरिष्ठ होते आणि आता दुसरीकडे आहेत. माझ्या आजच्या कामाबद्दल, त्यातल्या उणिवांसकट, त्यांच्याइतके नेमके सध्या कोणी सांगू शकेल असे मला वाटत नाही. दोघांचीही मी परवानगी घेतली आहे आणि त्यांचे संपर्क सोबतच्या पानावर आहेत. सायंकाळी सहानंतर फोन केल्यास ते सविस्तर बोलतील.

नोकरीचा कालावधी आणि वेतन यांच्या खात्रीसाठी शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, मागील दोन आर्थिक वर्षांचे फॉर्म १६ आणि भविष्यनिर्वाह निधीच्या संकेतस्थळावरील माझ्या यूएएनचा सेवा-इतिहास जोडला आहे. त्यात प्रत्येक कंपनीत रुजू झाल्याची तारीख दिसते. मागच्या दोन मूल्यमापनांची पत्रेही सोबत आहेत.

सध्याच्या व्यवस्थापकांशी बोलणे आपल्या नियमानुसार अनिवार्यच असेल, तर पद, वेतन आणि रुजू होण्याची तारीख नमूद असलेले, सही झालेले ऑफर लेटर आधी द्यावे आणि हा संदर्भ समाधानकारक असावा अशी अट त्यातच लेखी घालावी. ती अट मला मान्य असेल. पत्र मिळाल्यावर मी स्वतः साहेबांना भेटून सांगेन आणि त्यानंतर दोन कामकाजी दिवसांत त्यांचा नंबर आपल्याला कळवेन. ते बोलणे समाधानकारक झाल्याचे आपल्याकडून लेखी कळले की त्याच दिवशी राजीनामा देईन. माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, तो राजीनाम्यानंतरच सुरू होईल, हे रुजू होण्याची तारीख ठरवताना कृपया लक्षात घ्यावे. चार वर्षे ज्यांनी मला सांभाळून घेतले, त्यांना ही बातमी परक्याच्या फोनवरून कळू नये, हेही माझ्या आग्रहामागचे एक कारण आहे, आणि माझ्या दृष्टीने ते लहान नाही.

हा क्रम आपल्याला चालेल का, ते शुक्रवारपर्यंत ई-मेलने कळवावे. बोलायचे असल्यास सायंकाळी साडेसहानंतर माझ्या मोबाईलवर फोन करावा, कारण पाळी सुटेपर्यंत फोन लॉकरमध्ये असतो. ऑफिसच्या लँडलाइनवर किंवा ऑफिसच्या ई-मेलवर कृपया संपर्क करू नये.

आपली विश्वासू,
मृणाल
चिंचवड, पुणे

सोबत: संदर्भांचे पान, पगारपावत्या, फॉर्म १६, सेवा-इतिहास, मूल्यमापन पत्रे