कपाटामागची पिवळी वायर

सणाच्या दिवशी सकाळी सकाळी नेट गेलं आणि आजीने पहिली हाक मला मारली. मी आदल्या रात्री उशिरा हॉस्टेलवरून आलेले, आई-बाबा संध्याकाळी पोचणार होते, त्यामुळे घरात "कॉम्प्युटरवाली" म्हणजे मीच. आजोबा आधीच फोन कानाला लावून हॉलमध्ये येरझाऱ्या घालत होते. कंपनीच्या नंबरवर रेकॉर्ड केलेला आवाज सांगत होता की आपल्या भागात तांत्रिक बिघाड आहे, दुपारपर्यंत सेवा सुरळीत होईल.

"दुपारपर्यंत म्हणजे किती वाजता?" आजोबा रेकॉर्डिंगलाच विचारत होते.

चार वाजता आत्याचा व्हिडिओ कॉल ठरलेला. आत्या परदेशात, तिच्याकडे तेव्हा सकाळ असते, आणि यावेळी तिची मुलगी पहिल्यांदाच आजी-आजोबांना पेटी वाजवून दाखवणार होती. आजीने त्यासाठी नवी साडी काढून ठेवली होती, टॅबसुद्धा कालपासून चार्जिंगला.

मी राउटर बंद करायला हात पुढे केला तर आजोबा म्हणाले, "थांब. तू काय करणार ते आधी सांग."

"अहो आजोबा, दोन मिनिटांचं काम आहे."

"तेच. तुझा बाप येतो, दोन मिनिटांत करतो आणि जातो. मग पुढचे सहा महिने मी त्या डब्याकडे बघत बसतो. मला दाखवत दाखवत कर."

आणि ते आतून डायरी घेऊन आले. डायरीत वायफायचं नाव, पासवर्ड, गॅसचा नंबर, सगळं एकाच पानावर, प्रत्येक अक्षर सुटं सुटं लिहिलेलं, कॅपिटल अक्षरांखाली रेघ. मला खरंच भारी वाटलं ते पान बघून, कारण माझ्या अर्ध्या मित्रमैत्रिणींना स्वतःच्या घरचा पासवर्ड आठवत नाही.

मग मी बसले सांगायला. माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करायचा, पण त्याचं नाव आणि पासवर्ड हुबेहूब घरच्या वायफायचाच ठेवायचा, म्हणजे टॅबला आणि टीव्हीला वाटतं घरचंच नेट आलं आणि ते आपोआप जोडले जातात, आजीला कुठे काही टाइप करत बसायला नको. फक्त राउटर तेवढा वेळ बंद ठेवायचा, नाहीतर एकाच नावाची दोन वायफाय होतात आणि टॅब नेमका बंद पडलेल्यालाच जाऊन चिकटतो. नाव आजोबांनी डायरीतून वाचलं, त्यांनीच टाइप केलं, एकेक अक्षर, चष्मा कपाळावर आणि मोबाइल नाकाशी. मी मोबाइल खिडकीत ठेवला कारण रेंज तिथेच बरी येत होती.

"आलं गं नेट!" आतून आजी ओरडली, आणि तिने लगेच कालचा राहिलेला मालिकेचा भाग लावला, त्यानंतर परवाचा.

मालिका व्हिडिओच असतो, एचडीत असतो, आणि माझा रोजचा डेटा ठरलेला. बाराच्या सुमाराला मेसेज आला की आजचा डेटा संपत आलाय. आजीला थांबव म्हणायचं माझ्या जिवावर आलं, सणाचा दिवस, सकाळपासून ती पहिल्यांदाच पाय लांब करून बसली होती. पण चारचा कॉल यावर निघणार नव्हता हे नक्की.

साधारण दीडला शेजारच्या काकू दारातूनच सांगून गेल्या की त्यांचं नेट आलं. त्यांचंही कनेक्शन त्याच कंपनीचं. मी हॉटस्पॉट बंद केला, आजोबांनी राउटर चालू केला, आम्ही दोघं समोर उभे. पहिला दिवा हिरवा. दुसरा नाहीच. तिसरा लाल, लुकलुकतोय.

"एल, ओ, एस," आजोबांनी वाकून वाचलं. "हे काय?"

"बाहेरून सिग्नल येत नाहीये. डब्याला लागणारा प्रकाशच पोचत नाहीये आजोबा. या पिवळ्या वायरमध्ये तांब्याची तार नसते, काच असते, केसासारखी बारीक, आणि त्यातून प्रकाश येतो. आपल्या डोळ्यांना न दिसणारा. त्यामुळे ती काढली तरी तिच्या टोकात कधी डोकावून बघायचं नाही."

आजोबांनी ते डायरीत लिहिलं. मग पेन थांबवून म्हणाले, "काकूंकडे प्रकाश आला, आपल्याकडे नाही. म्हणजे बिघाड आता बाहेर नाही, आपल्याच घरात."

मी एकदम त्यांच्याकडे बघितलं. मी कंपनीला परत फोन लावायच्या बेतात होते, सणाच्या दिवशी कोण माणूस पाठवणार याची काळजी करत होते, आणि यांनी सरळ मुद्द्यालाच हात घातला होता.

"आजोबा, इथे काही हललंय का? सामान वगैरे?"

"साफसफाईला कपाट सरकवलं की! परवा. तुझी आजी म्हणाली मागे जाळी झालीयेत."

"पण परवा नेट होतं."

"कपाट परत भिंतीला लावलं आज सकाळी. दूधवाल्याच्या पोराने आणि मी."

म्हणजे कंपनीचं नेट गेलं त्याच सकाळी कपाट मागे गेलं, आणि सगळं खापर बाहेरच्या बिघाडावर! मी जमिनीवर आडवी झाले, मोबाइलचा टॉर्च आत मारला. वायर भिंतीच्या कडेने येत होती आणि कपाटाच्या मागच्या पायापाशी चक्क कागदाला घडी घालावी तशी दुमडली होती, पाय तिच्यावरच टेकलेला. इतकी घट्ट घडी पडली की प्रकाश वळत नाही, बाहेरच निसटतो. आणि काच तुटली असेल तर मग काहीच करता येत नाही, माणूस बोलवायलाच लागतो, हे मी आजोबांना सांगितलं, लपवून काय करायचं.

आम्ही कपाट ढकललं. आजीनेही येऊन दोन्ही हात लावले. आता वायर मोकळी करायची होती, मी हात घातला तर आजोबा म्हणाले, "मी करतो," आणि गुडघ्यांवर हात ठेवत हळूहळू खाली बसले. ओढायची नाही, पिळायची नाही, एवढंच मी सांगत होते. त्यांनी दोन बोटांत ती घडी धरली आणि जराजरा करत सैल केली, मग वायर भिंतीपासून लांब, मोठ्या गोल वळणाने फिरवली, वर एका खिळ्याला सुतळीने सैल बांधली. सुतळी आजीने आणून दिली.

लाल दिवा लुकलुकतच होता.

"तुटली काय गं?" आजी म्हणाली.

मी म्हटलं थांबा जरा. मलाच धीर नव्हता. मग लाल विझला. एकदम. दुसरा दिवा हिरवा लुकलुकायला लागला, बराच वेळ लुकलुकला, आणि स्थिर झाला. त्यानंतर वायफायचा. आजोबा अजून जमिनीवरच बसलेले, तिथूनच त्यांनी डायरी मागितली आणि दिव्यांची ओळ काढून कुठला कधी हिरवा हवा ते लिहिलं, खाली "कपाट भिंतीपासून चार बोटं लांब", त्याखाली जाड रेघ.

चारला कॉल लागला. पोरगी पेटी उघडून बसलीच होती, पण आजोबांनी आधी टॅब उचलला, कपाटामागे नेला आणि कॅमेरा वायरवर धरून आत्याला सांगायला लागले, "हे बघ, यात काच असते. तुझ्याकडे नेट गेलं की आधी लाल दिवा बघायचा आणि मला फोन करायचा."

"अहो, पोरीला वाजवू द्या आधी," आजी म्हणाली आणि तिने टॅब त्यांच्या हातातून काढून घेतला.