मॅटर्निटी लीव्हचा अर्ज (चॅटवर बोललो ते सगळं एकत्र करून)

दि. 8 जानेवारी 2026, सोलापूर

सर, नमस्कार.

तुम्ही परवा म्हणालात की चॅटवरचं चॅटवरच राहतं, लेखी एक देऊन ठेव, म्हणून आपलं जे जे बोलणं झालं ते सगळं इथं लिहितेय, भाषा जरा बोलल्यासारखी झालीय ते चालवून घ्या.

डॉक्टरांनी 18 मार्च तारीख दिलीय, म्हणजे पाडव्याच्या आदल्या दिवशी. पहिलंच बाळंतपण आहे त्यामुळं माहेरी, बार्शीला. मला 2 फेब्रुवारी सोमवारपासून 2 ऑगस्टपर्यंत कायद्याप्रमाणे 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळावी. तारीख मागंपुढं झाली तरी मोजणी 2 फेब्रुवारीपासूनच धरा. सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडलंय.

आता खरं टेन्शन मार्च एंडचं, तुम्हालाही आणि मलाही, पण बाळाला काय सांगणार की क्लोजिंग झाल्यावर ये म्हणून! तर सुनीलदादा तयार आहेत. डिसेंबरचं GSTR-1 11 च्या आत आणि GSTR-3B 20 च्या आत तेच भरणार, मी नुसती शेजारी बसून बघणार, म्हणजे फेब्रुवारीत त्यांना पहिल्यांदाच हात लावल्यासारखं होणार नाही. गड्ड्याच्या गर्दीचे दिवस सोडून रोज दुपारी दोन तास बसतोय आम्ही. कामगारांचं पीएफ-ईएसआय 15 च्या आत जातं, ती शीट रेखाताईंकडं. सुताच्या पार्ट्यांची येणी-देणी मी जानेवारीअखेर जुळवून सही घेऊन ठेवते, टॉवेलच्या दोन जुन्या पार्ट्यांचा बॅलन्स जुळतच नाहीय, त्या दोघांशी मात्र तुम्हीच बोला, माझं ऐकत नाहीत ते. आणि टॅलीचा माझा पासवर्ड मी कुणाला देणार नाही, राग मानू नका, सुनीलदादांना वेगळा युजर काढून द्या, उद्या एखादी एंट्री कुणी केली हे कळायला हवं की ओ.

फोनचं म्हणाल तर फेब्रुवारीत कधीही करा. डिलिव्हरीनंतर सव्वा महिना मात्र नको, नंतर मेसेज टाका, बाळ झोपलं की उत्तर देईन.

3 ऑगस्टला सोमवारी हजर होते. सासूबाई बाळाला सांभाळणार आहेत, घर अशोक चौकात, स्कुटीवर पंधरा मिनिटं. बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ मिळतो, त्यातला एक जेवणाच्या सुट्टीला जोडून द्या म्हणजे घरी जाऊन येता येईल. पहिला महिना घरून काम करायचं तुम्हीच सुचवलं होतं, पण व्हाउचरच्या फायली घरी नेणं मला पटत नाही, मी येतेच ऑफिसला.

रजा मंजूर झाल्याचं लेखी मिळावं, ही विनंती.

आपली,
रेश्मा
अकाउंट्स, अक्कलकोट रोड एमआयडीसी

ता.क. डोहाळजेवण 25 जानेवारीला रविवारी आहे, मॅडमना घेऊन नक्की या.