तळहाताचं माप आणि आपलं ताट

नमस्कार. मागे बसलेल्या काकांना ऐकू येतंय ना? बरं. इंदिरानगरच्या या मंडळात आज महिला आणि ज्येष्ठ नागरिक एकत्र बसलेत, ते उत्तम झालं. कारण एका घरात एकच आमटी शिजते आणि ती कशी वाढायची यावरून वादही एकच होतो.

आज बोलायचं ते आपल्या ताटात प्रथिनं किती येतात आणि ती हाताच्या मापाने कशी मोजायची, यावर. आधी एक काम करा. उजवा हात पुढे करा, बोटं बाजूला ठेवा आणि मनगटापासून बोटांच्या मुळापर्यंतचा भाग बघा. हा तुमचा तळवा. बोटं त्यात धरायची नाहीत. जाडीही तळव्याएवढीच. एवढा शिजलेला, हाडं काढलेला चिकनचा तुकडा सर्वसाधारण बाईच्या हाताच्या मापाने ८०-९० ग्रॅम भरतो आणि त्यातून साधारण २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. पुरुषाचा तळवा मोठा, म्हणून त्याचा तुकडाही मोठा. घरोघरी वजनकाटा नसतो, पण ज्याचा हात त्याच्या अंगाच्या बेताचा असतो, म्हणून हे माप चालतं. शिजलेलं म्हणजे शिजलेलंच बरं का! कच्चं १०० ग्रॅम चिकन शिजून ७०-७५ ग्रॅम उरतं. आणि रस्सा मोजायचा नाही, कितीही झणझणीत असला तरी.

आता खरी गोष्ट. हे माप तुम्ही मोबाइलवर पाहिलं असेल. तिथे ताटात मासा किंवा चिकन असतं. आपल्याकडे बहुतेक दिवस वरण, उसळ, पिठलं. तळव्याएवढी मटकीची उसळ घेतली तर प्रथिनं मिळतात सहा-सात ग्रॅम. म्हणजे चिकनच्या एका तळव्याला उसळीचे जवळजवळ चार तळवे. माप तेच, पण आत भरलेला माल वेगळा. हे ध्यानात न घेता 'मी रोज तळवाभर प्रोटीन खाते' म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे.

पनीरचं काय, असं कुणीतरी विचारणारच. तळव्याएवढं पनीर म्हणजे १५-१६ ग्रॅम, सोबत स्निग्धांशही भरपूर. रोज खायचं असेल तर बाकीचं तेलतूप बघून खा. सोयाबीनच्या वड्या कोरड्या असताना सुमारे निम्म्या वजनाइतकी प्रथिनं धरतात, पण भिजल्यावर फुगतात. म्हणून त्या कोरड्याच मोजा: एक मूठ, साधारण २५-३० ग्रॅम, म्हणजे १३ ते १५ ग्रॅम प्रथिनं. अंडं सोपं, एका अंड्यात सहा ग्रॅम. दोन अंडी म्हणजे बारा, तिथे तळव्याचं माप लागतच नाही.

पातळ पदार्थाला तळवा कामाचा नाही, तिथे वाटी. आणि वाटीपेक्षा महत्त्वाचं, वाटीत डाळ किती. घरात चार माणसांसाठी तुरीची डाळ किती लावता? मी विचारते तेव्हा बऱ्याच जणी म्हणतात, 'एक छोटी वाटी.' डाळीची वाटी १०० ग्रॅमच्या आसपास धरली तर चौघांत मिळून २२ ग्रॅम प्रथिनं, माणशी पाच-साडेपाच. पाहुणे आले की पाणी वाढवतो, तेव्हा डाळ तेवढीच राहते. माणशी ३० ग्रॅम डाळ घातलेलं घट्ट वरण सहा-सात ग्रॅम देतं. पळी घालून तळातून ढवळून वाढलं तर. वरवरचं पाणी वाढलं तर नुसती चव येते.

दिवसाला प्रथिनं किती लागतात, ते सांगते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला किलोमागे ०.८३ ग्रॅम. ५५ किलोच्या बाईला म्हणजे ४६ ग्रॅमच्या आसपास. साठी-पासष्टी ओलांडलेल्यांना बरेच तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात, कारण वयाबरोबर स्नायू झिजतात. नेमकं याच वयात आपण म्हणतो, 'रात्री दूधभात पुरे.'

आता नेहमीचं ताट हिशेबाला घेऊ. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे, पाच ग्रॅम. दोन वेळचा चहा, त्यातलं दूध मिळून तीन. दुपारी दोन पोळ्या सहा, पातळ वरण चार, भात तीन, भाजी दोन. रात्री एक भाकरी आणि पालेभाजी, सात-आठ. झाले तीस-एकतीस. तूट पंधराची. यासाठी प्रोटीन पावडरचे डबे विकत आणायची गरज नाही. पातळ वरण घट्ट केलं की तीन आले. मधल्या वेळी मूठभर फुटाणे, सहा. रात्री उसळीची एक वाटी वाढवली, सहा-सात. भागलं. शेंगदाण्याची मूठही सात ग्रॅम देते, पण तिच्यात १७० कॅलरी असतात. वजन उतरवायचं असेल त्यांनी फुटाण्यांकडे वळावं.

धान्य आणि डाळ सोबत का? गव्हा-ज्वारीत लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी पडतं, डाळीत मेथिओनिन. एकीची उणीव दुसरी भरून काढते. एकाच घासात हवं असं नाही, दिवसभरात आलं तरी चालतं.

मिसळ! हसू नका, नाशिकमध्ये हा प्रश्न येणारच. रविवारी मिसळ जरूर खा, पण तर्री आणि फरसाणाकडे प्रथिनांसाठी बघू नका, ती मटकीत आहेत. मटकी जास्त मागून घ्या आणि एक पाव कमी करा. उपासाला साबुदाणा खिचडीत प्रथिनं जी काही आहेत ती दाण्यांचीच, साबुदाण्यात जवळपास नाहीत. त्यापेक्षा भगर आणि दाण्याची आमटी, वर दह्याची वाटी, हा उपास अंगी लागतो.

हं, मधल्या रांगेतून प्रश्न आला आहे: 'ताई, मला क्रिएटिनिन वाढलंय, मीही असंच खाऊ?' नाही काका. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील. तुम्ही आजचं ऐका, पण रिपोर्ट दाखवून त्यांना विचारल्याशिवाय वाढवू नका. डायलिसिस सुरू असलेल्यांचा हिशेब वेगळा असतो, तो त्यांच्या तज्ज्ञांकडूनच घ्या.

आता उठा. टेबलावर वजनकाटा आहे, शिजवलेली मटकी, घट्ट आणि पातळ वरण, पनीर आणि फुटाणे ठेवलेत. मंडळाच्या वाट्या आणल्यात, पण घरची वाटी आणली असेल तर तीच घ्या. घरी वाढता तेवढंच वाढा, मग काट्यावर ठेवा. आधी काकू, तुम्ही या. पळी उजव्या बाजूला आहे.