नियुक्ती प्रस्ताव पत्र: फ्रंट ऑफिस एक्झिक्युटिव्ह

हॉटेल कांचनमेघ
मनुष्यबळ विभाग

जावक क्र. : मनुष्यबळ/नियुक्ती/२०२६/१७
दिनांक : ८ जून २०२६

प्रति,
कु. शर्वरी माने

विषय : फ्रंट ऑफिस एक्झिक्युटिव्ह या पदासाठी नियुक्तीचा प्रस्ताव

प्रिय शर्वरी,

आपल्या मुलाखतीच्या दोन्ही फेऱ्या आणि रिसेप्शनवरची प्रात्यक्षिक चाचणी यानंतर फ्रंट ऑफिस एक्झिक्युटिव्ह या पदासाठी आपली निवड झाली आहे, हे कळवताना आनंद होतो. चाचणीत खोली तयार नसल्याने चिडलेल्या पाहुण्याला आपण नुसती माफी मागून थांबवले नाही. खोली किती वाजता मिळेल हे हाउसकीपिंगला विचारून नेमकी वेळ सांगितलीत आणि तोवर सामान ठेवण्याची सोय केलीत. निवड समितीचे एकमत झाले ते त्यामुळे.

नोकरीच्या अटी पुढे सविस्तर दिल्या आहेत. पगार, प्रोबेशन आणि नोटीस या तीन गोष्टींवरून नंतर सर्वाधिक गैरसमज होतात, म्हणून त्या मुद्दाम विस्ताराने लिहिल्या आहेत. सही करण्यापूर्वी पत्र घरी शांतपणे वाचावे, घरच्यांनाही दाखवावे.

१. पद आणि रुजू होण्याची तारीख

आपण बुधवार, १ जुलै २०२६ रोजी सकाळी ९ वाजता रुजू व्हावे. आपण फ्रंट ऑफिस मॅनेजरच्या हाताखाली काम कराल. शिफ्टमध्ये ड्युटी मॅनेजरच्या सूचना लागू राहतील. चेक-इन, चेक-आउट, आरक्षणे, बिलिंग, रोख व कार्डाचा हिशेब, पाहुण्यांच्या तक्रारी आणि परदेशी पाहुण्यांची माहिती ते आल्यापासून २४ तासांच्या आत ऑनलाइन भरणे ही मुख्य कामे आहेत. रात्रपाळीत नाइट ऑडिट असते. ते पहिल्या दोन महिन्यांत शिकवले जाईल आणि त्या काळात ते आपल्यावर एकटीवर सोपवले जाणार नाही.

२. वेतनरचना

दरमहा एकूण वेतन रु. २८,००० राहील. त्याची फोड अशी :

मूळ वेतन : रु. १५,०००
घरभाडे भत्ता : रु. ६,०००
प्रवास भत्ता : रु. २,०००
गणवेश धुलाई भत्ता : रु. १,०००
विशेष भत्ता : रु. ४,०००
एकूण : रु. २८,०००

यातून भविष्य निर्वाह निधीचा आपला हिस्सा, म्हणजे मूळ वेतनाच्या १२ टक्के, रु. १,८०० आणि व्यवसाय कर रु. २०० वजा होईल. त्यामुळे आपल्या बँक खात्यात दरमहा रु. २६,००० जमा होतील. फेब्रुवारीत व्यवसाय कर रु. ३०० असल्याने त्या महिन्यात रु. २५,९०० मिळतील. जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीची छोटी रक्कम कापली जाईल. बिनपगारी रजा नसेल तर याखेरीज कोणतीही नियमित कपात नाही. ड्युटीवरचे जेवण, चहा आणि गणवेशाचे तीन जोड हॉटेलकडून मिळतील, त्यांचे पैसे पगारातून घेतले जाणार नाहीत.

हॉटेलचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा रु. १,८०० आणि ग्रॅच्युइटीची तरतूद रु. ७२१ धरून आपला सीटीसी दरमहा रु. ३०,५२१, म्हणजे वर्षाला रु. ३,६६,२५२ होतो. निर्वाह निधीचा हा हिस्सा आणि ग्रॅच्युइटी या दोन रकमा हातात येणाऱ्या नाहीत, ते आपल्या नावावर साठणारे किंवा कायद्याने राखून ठेवायचे पैसे आहेत. इतर ठिकाणच्या प्रस्तावाशी तुलना करायची असेल तर सीटीसी बाजूला ठेवून हातात येणारी रक्कम ताडून पाहावी. भविष्य निर्वाह निधीचे प्रशासकीय शुल्क आणि वैद्यकीय विम्याचा हप्ता हॉटेल भरते. ते सीटीसीमध्ये दाखवलेले नाहीत. कायद्यानुसार देय असलेला बोनसही वेगळा दिला जाईल.

पगाराशिवाय आणखी तीन मार्गांनी पैसे मिळू शकतात. प्रत्येक रात्रपाळीसाठी रु. १५० भत्ता आहे. पाहुण्याने आपण सुचवल्यावर वरच्या श्रेणीची खोली घेतली, तर दरातल्या फरकाच्या ५ टक्के प्रोत्साहन रक्कम पुढच्या महिन्याच्या पगारात येईल. मात्र पाहुण्याने आक्षेप घेऊन फरक परत मागितला तर ती दिली जात नाही. पाहुण्याच्या गरजेची खोली सुचवावी, महागडी खोली गळ्यात मारू नये, एवढीच अपेक्षा आहे. तिसरा मार्ग म्हणजे टिप. रिसेप्शनवर मिळणारी टिप सामाईक पेटीत जमा होते आणि महिन्याअखेर बेल डेस्कसह सगळ्यांत समान वाटली जाते. हे उत्पन्न महिन्यागणिक बदलते, म्हणून आम्ही त्याचा कोणताही आकडा पगारात मिळवून सांगत नाही.

पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपूर्वी बँकेत जमा होईल आणि सोबत वेतनपत्रक मिळेल.

रोख रकमेबाबत एक स्पष्टीकरण. शिफ्ट सुरू होताना आपल्याकडे रु. १०,००० ची सुटी रक्कम मोजून दिली जाईल आणि शिफ्ट संपताना दोघांनी मिळून मोजून पुढच्या सहकाऱ्याच्या ताब्यात दिली जाईल. तूट आली तर ती लगेच ड्युटी मॅनेजरला सांगून नोंदवावी. चौकशी झाल्याशिवाय आणि आपले म्हणणे लेखी घेतल्याशिवाय पगारातून वसुली होणार नाही.

३. कामाचे तास आणि रात्रपाळी

शिफ्ट सकाळी ७ ते दुपारी ३.३०, दुपारी ३ ते रात्री ११.३० आणि रात्री ११ ते सकाळी ७.३० अशा आहेत. त्यात अर्धा तास जेवणाची सुटी आहे. दोन शिफ्ट एकमेकींवर येतात तो अर्धा तास हँडओव्हरसाठी ठेवला आहे. तो वाचवून लवकर निघू नये, कारण अपुऱ्या हँडओव्हरचा त्रास शेवटी पाहुण्याला होतो. आठवड्याला ४८ तास काम आणि एक साप्ताहिक सुटी राहील. ती रविवारीच मिळेल असे नाही. जादा कामाचा मोबदला दुप्पट दराने मिळेल.

रात्रपाळी आपल्या लेखी संमतीनेच दिली जाईल. त्या दिवशी घरापासून हॉटेलपर्यंत आणि परत हॉटेलची गाडी असेल, आणि रिसेप्शनवर आपल्यासोबत सुरक्षारक्षक असेल. दुपारची शिफ्ट संपल्यावरही घरी सोडण्याची सोय आहे.

४. प्रोबेशन

१ जुलै ते ३१ डिसेंबर २०२६ असा सहा महिन्यांचा प्रोबेशन काळ राहील. या काळात पगार वर दिल्याप्रमाणेच पूर्ण मिळेल. भविष्य निर्वाह निधी, विमा आणि जेवण पहिल्या दिवसापासून लागू आहे.

आपले काम दोनदा तपासले जाईल, पहिल्यांदा सप्टेंबरअखेर आणि नंतर नोव्हेंबरअखेर. चेक-इनला लागणारा वेळ, बिलातील चुका, रोख हिशेब, हजेरी, सहकाऱ्यांशी वागणूक आणि तक्रार हाताळण्याची पद्धत या गोष्टी पाहिल्या जातील. दोन्ही वेळा फ्रंट ऑफिस मॅनेजर आपल्यासोबत बसून लेखी अभिप्राय देतील. त्यावर आपले मत लिहिण्याचा आपल्याला हक्क आहे. नवी व्यक्ती पहिल्या महिन्यात चुकते. तीच चूक सांगूनही चौथ्या महिन्यात होते का, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

काम समाधानकारक असल्यास १ जानेवारी २०२७ पासून आपण कायम व्हाल आणि मूळ वेतनात रु. १,५०० वाढ होईल. काही बाबतीत सुधारणा हवी असेल तर प्रोबेशन एकदाच आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांनी वाढवता येईल. त्याची कारणे ३१ डिसेंबरपूर्वी लेखी कळवली जातील. मुदतीत वाढीचे पत्र आले नाही तर आपण कायम झालात असे समजावे. कोणाकडे जाऊन आठवण करून देण्याची गरज नाही.

५. नोटीस आणि नोकरी सोडणे

प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंनी १५ दिवसांची आणि कायम झाल्यावर ३० दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागेल. आपण राजीनामा ई-मेलने किंवा हाताने दिला त्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून नोटीस मोजली जाईल. तो मंजूर व्हायची वाट पाहण्यात दिवस वाया जाणार नाहीत. लग्नसराई किंवा सुट्ट्यांच्या गर्दीचे कारण देऊन हॉटेल नोटीस वाढवणार नाही.

नोटीस पूर्ण करणे शक्य नसेल तर जितके दिवस कमी पडतील तितक्या दिवसांचे मूळ वेतन भरून किंवा शिल्लक अर्जित रजा त्यात वळती करून आपण मोकळे होऊ शकता. हॉटेलने तातडीने सेवा संपवली तर त्या दिवसांचे मूळ वेतन हॉटेल आपल्याला देईल. हिशेबाची पद्धत दोघांना एकच आहे.

चोरी, रोख रकमेत किंवा बिलात फेरफार, मद्यपान करून ड्युटीवर येणे, लैंगिक छळ किंवा पाहुण्याची माहिती बाहेर देणे अशा गंभीर गैरवर्तनासाठी नोटीस लागू नाही. पण त्याआधी आरोप लेखी कळवून आपली बाजू ऐकली जाईल. न कळवता गैरहजर राहिल्यास आधी नोंदलेल्या पत्त्यावर पत्र पाठवून खुलासा मागवला जाईल. आपले नाव परस्पर कमी केले जाणार नाही.

शेवटच्या दिवसानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत फुल अँड फायनल हिशेब, रिलिव्हिंग लेटर आणि अनुभव प्रमाणपत्र मिळेल. गणवेश, ओळखपत्र आणि लॉकरची किल्ली परत करावी. या नोकरीला कोणताही बाँड नाही, प्रशिक्षणाचा खर्च मागितला जात नाही आणि आपली मूळ प्रमाणपत्रे हॉटेल स्वतःकडे ठेवत नाही. कोणी मागितली तर देऊ नयेत, मला कळवावे.

६. रजा

प्रोबेशनमध्ये दरमहा एक पगारी किरकोळ रजा मिळेल. अर्जित रजा, सणांच्या सुट्ट्या आणि प्रसूती रजा कायद्याप्रमाणे लागू राहतील. सणाच्या दिवशी ड्युटी आली तर बदली सुटी किंवा दुप्पट वेतन, यातला पर्याय आपण निवडाल.

७. गोपनीयता

कोण कोणत्या खोलीत आहे, कोणासोबत आले, कधी जाणार, हे फोनवर किंवा समोर कोणालाही सांगू नये, विचारणारा स्वतःला नातेवाईक म्हणत असला तरी. फोन पाहुण्याच्या परवानगीनेच खोलीत जोडावा. ओळखपत्रांचे फोटो वैयक्तिक मोबाइलवर घेऊ नयेत. पोलिसांची मागणी आल्यास ड्युटी मॅनेजरला बोलवावे. ही जबाबदारी नोकरी सोडल्यानंतरही राहते.

पाहुणा किंवा सहकारी यांच्याकडून गैरवर्तन झाल्यास आपण थेट अंतर्गत तक्रार समितीकडे जाऊ शकता. समितीच्या सदस्यांची यादी कर्मचारी कक्षात लावलेली आहे.

८. प्रस्तावाची स्वीकृती

हा प्रस्ताव सोमवार, १५ जून २०२६ पर्यंत खुला आहे. मान्य असल्यास सोबतच्या दुसऱ्या प्रतीच्या प्रत्येक पानावर सही करून ती त्या तारखेपर्यंत पाठवावी. रुजू होताना शैक्षणिक प्रमाणपत्रांच्या प्रती, आधार, पॅन, बँक पासबुकची प्रत, आधीच्या ठिकाणचे रिलिव्हिंग लेटर, भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक आणि दोन फोटो आणावेत. मूळ कागद फक्त पडताळून लगेच परत दिले जातील. सध्याच्या ठिकाणी नोटीस पूर्ण व्हायला वेळ लागणार असेल तर १५ तारखेपूर्वी सांगावे, रुजू होण्याची तारीख १५ जुलैपर्यंत पुढे नेता येईल. त्यासाठी तिथली नोटीस अर्धवट सोडू नये.

कोणत्याही अटीबद्दल शंका असल्यास सही करण्यापूर्वी मला विचारावे. उत्तर लेखी दिले जाईल आणि ते या पत्राचा भाग मानले जाईल.

आपली,

वर्षा कुलकर्णी
व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग
हॉटेल कांचनमेघ

सोबत : पत्राची दुसरी प्रत, रात्रपाळी संमतीपत्र, वैद्यकीय विम्याची माहितीपत्रिका
प्रत माहितीसाठी : फ्रंट ऑफिस मॅनेजर, लेखा विभाग